मदत हवी आहे: लॉक-इन संपायच्या आत घर सोडतोय, मालक जवळजवळ सगळं डिपॉझिट कापतायत

हिंजवडीकर:
नमस्कार मंडळी. वाकडला टू बीएचके भाड्याने आहे. १ डिसेंबरपासून ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, रीतसर नोंदणी केलेला. भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००. सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे ३१ मेपर्यंत. माझी हैदराबादला बदली झाली. १५ मार्चला मालकांना महिन्याची नोटीस मेलवर दिली, १५ एप्रिलला घर सोडतोय. तोवरचं भाडं भरलंय.

करारात लिहिलंय: "लॉक-इन काळात जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन काळाचे भाडे देणे लायसन्सीवर बंधनकारक राहील." मालक म्हणतात, उरलेल्या दीड महिन्याचे ३६,०००, नोटीस पिरियडचे २४,००० आणि रंगाचे १२,००० कापणार. हातात येणार ३,०००! आईच्या औषधपाण्याला आणि नव्या शहरातल्या डिपॉझिटला हेच पैसे धरले होते. एवढं कापता येतं का?

बाणेर_बॉय:
लॉक-इन वगैरे कायद्यात कुठे आहे? ११ महिन्यांच्या कराराला काही अर्थ नसतो. शेवटची दोन भाडी देऊ नका, विषय संपला.

मृणाल_देशस्थ:
असं करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मग तो ११ महिन्यांचा का असेना. यांचा नोंदवलेला आहे, म्हणजे त्यातल्या अटी दोघांनाही लागू. बाणेर_बॉय यांचं एवढं खरं की भाडे कायद्यात लॉक-इनची वेगळी तरतूद नाही, ती दोघांनी मान्य केलेली अट आहे.

पण अट मोडली म्हणून लिहिलेली रक्कम आपोआप मालकांची होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हे स्पष्ट केलं: नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. फ्लॅट किती दिवस रिकामा राहिला हे मोजता येतं. १ मेपासून नवा भाडेकरू आला तर मालकांचं बुडालेलं भाडं पंधरा दिवसांचं, १२,०००. ब्रोकरेज त्यांनी खरंच भरलं असेल तर तेही मागतील, पावती मागा.

नोटिशीचे २४,००० मला पटत नाहीत. नोटीस दिलीत आणि त्या महिन्याचं भाडंही भरलंत. "लॉक-इन संपल्यावरच नोटीस देता येईल" असं कलम आहे का, तेवढं नीट वाचा. तसं असलं तर मालक भांडतील.

सुहास_काका_कोथरूड:
मी मालक आहे. माझा भाडेकरू जूनमध्ये रात्रीत निघून गेला, फ्लॅट दिवाळीपर्यंत रिकामा. शाळा सुरू झाल्या की कुटुंबं घर बदलत नाहीत. वर बँकेचा हप्ता चालूच. लॉक-इन आम्ही हौसेने नाही टाकत. बाकी तुम्हाला मालक घराबाहेर काढत असतील तर पोलिसांत जा.

हिंजवडीकर:
काका, मालक काढत नाहीयेत, मीच सोडतोय. तुमची अडचण समजते, म्हणूनच ऑफिसातला एक सहकारी आणि त्याची बायको असे दोघं शोधून दिले. १ मेपासून २४,००० ला तयार आहेत. मालक म्हणतात, आता २७,००० च घेणार.

मृणाल_देशस्थ:
हे महत्त्वाचं आहे. तुम्ही सुचवलेली माणसं घ्यायलाच पाहिजेत असं बंधन मालकांवर नाही. पण नुकसान कमी करायची संधी होती का, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. जास्त भाड्यासाठी ते थांबले तर मे महिन्याचं रिकामं घर तुमच्या नावावर टाकणं त्यांना जड जाईल. आजच मेल करा: दोघांची माहिती, कधीपासून, किती भाडं. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

चावी देताना तारीख घातलेली पोच घ्या आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. ताबा दिल्याच्या तारखेचाच पुरावा नसेल तर ते पुढचंही भाडं मागू शकतात.

सुहास_काका_कोथरूड:
दोघं नोकरी करणारे असतील तर मी आनंदाने घेतले असते. माझं मत विचाराल तर १२,००० कापून घ्यायला तयार व्हा. कोर्टात गेलात तर दोघांचाही वेळ जाईल.

बाणेर_बॉय:
आणि रंगाचं?

मृणाल_देशस्थ:
करारात रंगाचं कलम असेल तर आकडा तिथला. नसेल तर साडेचार महिन्यांच्या नेहमीच्या वापराने भिंती मळल्या, म्हणून पूर्ण रंग मागणं टिकायला कठीण. खिळे ठोकून प्लास्टर उडवलं असेल तर तेवढ्या दुरुस्तीचं बिल द्यावं लागेल.

हिंजवडीकर:
रंगाचं कलम आहे, पण "११ महिन्यांनंतर जागा सोडताना" असं लिहिलंय. मग मधेच सोडताना ते लागू होतं की नाही? आणि नोटिशीचं कलम सापडलं, त्यात लॉक-इनचा उल्लेखच नाही. मेल आत्ता पाठवतो.