मदत हवी आहे: कलम २६० ची नोटीस शटरवर, मालक फोन उचलत नाहीत, आम्ही भाडेकरू

सुईदोरा · १७ जून, सकाळी ९:४०

मुंबईबाहेरची महानगरपालिका. इमारत तळमजला अधिक दोन. १९९८ च्या मंजूर नकाशात तळमजला अधिक एकच आहे असं शेजारचे म्हणतात. दुसरा मजला आणि मागची पत्र्याची शेड नंतर झाली. तळमजल्यावर आमचं शिलाईचं दुकान आहे, भाड्याने, अंदाजे १२ बाय १८ फूट.

१२ जूनला शटरवर नोटीस चिकटवून गेले. नोटिशीवर तारीख ३ जून. मजकूर एवढाच: "आपण विनापरवाना बांधकाम केल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत कारण दाखवावे, अन्यथा बांधकाम निष्कासित करण्यात येईल." कुठलं बांधकाम, किती, काही नाही. काल, १६ तारखेला, तीच नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने आली. नावाच्या जागी "मालक / भोगवटादार".

सात दिवस ३ तारखेपासून धरायचे म्हणजे मुदत संपली का? उत्तर आम्ही द्यायचं की मालकाने? आणि खालचं दुकानही पाडतील का?

बापू_नाना · सकाळी १०:०५

घाबरू नका. घरपट्टी भरलेली आहे ना? पालिकेने पैसे घेतले म्हणजे बांधकाम मान्य केलं. आणि सुप्रीम कोर्टाने आता बुलडोझरच बंद केलेत. दिवाणी कोर्टात दावा टाका, दोन दिवसांत स्टे मिळतो.

ओळंबा · सकाळी ११:२०

बापू, तुमच्या तीन मुद्द्यांतला मधला निम्मा बरोबर आहे. बाकीच्यावर विसंबून ताई बसल्या तर दुकान जाईल.

घरपट्टी आकारली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६७अ आहे, त्याखाली बेकायदा बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावतात आणि तरीही ते बेकायदाच राहतं. पावतीचा उपयोग एवढाच की त्या वर्षी ती जागा अस्तित्वात होती आणि तुमच्या ताब्यात होती, हे दिसतं. दिवाणी दाव्याचं म्हणाल तर त्याच कायद्याचं कलम ४३३अ हे २६०, २६४, २६७, ४७८ या कलमांच्या नोटिशींवर दावा चालू देत नाही. काही न्यायालयं नोटीस मुळातच शून्य आहे का एवढं बघतात, पण भरवसा धरू नका. रस्ता उच्च न्यायालयात रिटचा आहे.

आता सुप्रीम कोर्टाचं. १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल, न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन. पाडकाम बंद केलेलं नाही, पाडण्याआधी काय काय व्हायला हवं ते सांगितलं आहे. कारणे दाखवा नोटिशीला स्थानिक कायद्यातली मुदत किंवा नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, यातलं जे उशिराचं असेल ते. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि शिवाय इमारतीवर बाहेरून चिकटवायची. दिवस मोजायचे हातात पडल्यापासून, नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून नाही. तुमची पोस्टाने मिळाली १६ जूनला, म्हणजे १५ दिवस १ जुलैला भरतात.

तरी पहिलं उत्तर १९ जूनच्या आत आवकमध्ये पडू द्या. चिकटवली १२ ला, सात दिवस १९ ला होतात. उद्या कोणी म्हणायला नको की मुदतीत उत्तरच आलं नाही.

आज पोस्टाचं पाकीट फेकू नका, त्यावरच्या बारकोडाने पोस्टाच्या साइटवर पाकीट कधी टाकलं ते दिसतं, त्या पानाची प्रिंट काढा. ३ तारखेची नोटीस १३ ला पोस्टात पडली असेल तर तोच तुमचा पुरावा. मागची तारीख टाकण्याची ही खोड मोडावी म्हणूनच निकालात आहे की नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल जायला हवा आणि तिकडून आपोआप पोच यायला हवी. त्या पोचेची प्रत उत्तरातच मागा. बऱ्याचदा ती नसतेच.

चाळकरी · दुपारी १२:१५

आमचीही हीच अडचण. ५० वर्षांची चाळ, पालिकेने सी-१ केली. आम्हाला पण १५ दिवस मिळायला पाहिजेत ना? खोली रिकामी करायला चार दिवस दिलेत.

ओळंबा · दुपारी १२:४०

चाळकरी, तुमचं प्रकरण वेगळं. सी-१ म्हणजे धोकादायक म्हणून, तिथे कलम २६४ चालतं आणि मुद्दा परवानगीचा नसून इमारत कोसळेल का याचा आहे. तिथे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा, पटत नसेल तर दुसरा करून द्या. आणि खोली सोडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्रफळ पालिकेकडून मोजून लिहून घ्या. पुनर्बांधणीत तेवढाच कागद कामाला येतो. वेगळा धागा काढा, इथे मिसळायला नको.

जुना_दस्त · दुपारी १:३०

ओळंबा यांच्या उत्तरात भर. "भोगवटादार" असं नोटिशीवरच लिहिलंय, म्हणजे उत्तर द्यायचा हक्क तुमचा स्वतःचा आहे. मालकाची वाट बघायची नाही. पण एक अडचण आहे. नियमितीकरणाचा प्रस्ताव परवानाधारक वास्तुविशारदामार्फत जातो आणि त्यावर मालकाची सही व मालकी हक्काचे कागद लागतात. भाडेकरू तो टाकू शकत नाही. म्हणून तुमचं उत्तर "नियमित करा" असं नसावं, "माझा भाग मंजूर नकाशातला आहे, तो वेगळा काढा" असं असावं.

साधारण असं लिहा:

"मी सदर इमारतीच्या तळमजल्यावरील दुकानाचा भोगवटादार आहे. नोटिशीत बांधकामाचे स्वरूप, मोजमाप, नेमका भंग, सादर करावयाच्या कागदांची यादी व सुनावणीची तारीख यांचा उल्लेख नाही. तो द्यावा. माझ्या ताब्यातील १२ × १८ फूट जागा १९९८ च्या मंजूर नकाशातील असून नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला आहे, पोच सोबत जोडली आहे. माझ्या समक्ष संयुक्त मोजणी करावी व प्रत्यक्ष सुनावणी द्यावी. सविस्तर म्हणणे मांडण्याचा हक्क राखून ठेवत आहे."

शेवटचं वाक्य विसरू नका. नकाशाच्या प्रतीसाठी माहिती अधिकाराचे ३० दिवस परवडणार नाहीत, नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागात नक्कल अर्ज करा. सोबत भोगवटा प्रमाणपत्र आहे का तेही विचारा. उत्तर पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या नावाने, दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक. खिडकीवर घेत नसतील तर त्याच दिवशी रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट आणि ई-मेल.

सुईदोरा · रात्री ८:५०

खूप आभार. एक गोष्ट सकाळी लिहायची राहिली. मागच्या शेडमध्ये आमचीच दोन ओव्हरलॉक मशिनं आणि कापडाचे तागे आहेत. दुकानाच्या मागच्या भिंतीला दार पाडून शेडमध्ये जाता येतं. दार आमच्या आधीपासूनचं आहे.

ओळंबा · रात्री ९:३०

बरं झालं सांगितलंत, कारण पालिकेचा फोटो नेमका त्याच दाराचा असणार. शेड वाचवायला जाऊ नका. मागच्या मार्जिनमधली पत्र्याची शेड भाडेकरूने लढवण्यासारखी नाही, आणि तिच्यासाठी भांडलात तर दुकान आणि शेड एकच बांधकाम आहे असं तुम्हीच म्हटल्यासारखं होतं. मशिनं पुढे आणा. दार विटांनी बंद करायची घाई करू नका. त्यालाही "नवीन काम" म्हणतील. कुलूप लावा, फोटो काढा, आणि उत्तरात लिहा की शेडवर माझा दावा नाही.

सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालाप्रमाणे अंतिम आदेशात अधिकाऱ्याला लिहावं लागतं की कोणता भाग बेकायदा, तो तडजोडीने नियमित होतो का, होत नसेल तर का नाही, आणि पाडण्यावाचून दुसरा उपाय का नाही. थोडाच भाग बेकायदा असेल तर तेवढाच. आदेश मिळाल्यावरही १५ दिवस थांबावं लागतं, त्यात मालक स्वतः काढून घेऊ शकतो किंवा कोणी न्यायालयात जाऊ शकतो. पाडण्याआधी दोन पंचांच्या सहीचा पाहणी अहवाल, पाडताना चित्रीकरण. हे मोडलं तर अवमान होतो आणि नुकसान अधिकाऱ्याच्या खिशातून भरून काढायला सांगता येतं. २०२५ मध्ये नागपूरला पाडकाम झालं तेव्हा हे निर्देश आपल्याला ठाऊकच नव्हते असं पालिकेच्या बाजूने उच्च न्यायालयात सांगितलं गेलं होतं. म्हणून निकालाची प्रत उत्तराला जोडा. "ठाऊक नव्हतं" म्हणायची सोय ठेवू नका.

जुना_दस्त · रात्री १०:१०

एक आडवा प्रश्न, ताई. मालक नेमके आत्ताच फोन का उचलत नाहीत? दर वेळी तसं असतं असं नाही, पण जुन्या भाडेकरूच्या इमारतीवर तक्रार कधी कधी मालकाच्याच माणसाने केलेली असते. पालिकेने पाडायला सांगितलेली जागा हे भाडे नियंत्रण कायद्यात ताबा मागण्याचं एक कारण आहे. त्यालाही न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच, नुसत्या नोटिशीवर कोणी बाहेर काढू शकत नाही. पालिकेत या प्रकरणाची नस्ती, म्हणजे फाइल, पाहण्याचा अर्ज द्या आणि पहिल्या पानावर तक्रार कोणाची आहे ते बघा. भाडं नेहमीच्या तारखेला बँकेतून किंवा मनिऑर्डरने पाठवत राहा.

सुईदोरा · १८ जून, दुपारी ४:२०

उत्तर दिलं, आवक क्रमांक मिळाला. कनिष्ठ अभियंता तोंडी म्हणाले की शेड विकास आराखड्यातल्या रस्त्यात येते, त्यामुळे पंधरा दिवस वगैरे लागू नाही. कधीही येऊन काढू.

ओळंबा · दुपारी ५:००

अपवाद आहे हे खरं. रस्ता, पदपथ, रेल्वेलगत, नदी-नाले-तळं अशा सार्वजनिक जागेवरचं बांधकाम, आणि जिथे न्यायालयानेच पाडायचा आदेश दिलाय, तिथे हे संरक्षण नाही. पण आराखड्यावर आखलेला, ताब्यात न घेतलेला रस्ता म्हणजे सार्वजनिक जागा नव्हे. ती जमीन अजून मालकाची आहे.

जुना_दस्त · दुपारी ५:४५

इथे मी इतका ठाम नाही. निकालात शब्द "सार्वजनिक जागा" आहेत, उदाहरण रस्त्याचं आहे, आणि आराखड्यातल्या न घेतलेल्या रस्त्याबद्दल तिथे काही लिहिलेलं नाही. पालिकेचे वकील दुसऱ्या बाजूने ओढणार. रस्त्याने बाधित भाग नियमित मात्र होणार नाही, हे धरून चाला. मोजणी मागितलीच आहे, त्यात रस्त्याची रेषा मागच्या भिंतीपासून किती फुटांवर येते ते लिहून घ्या. रेषा भिंतीच्या आत शिरत असेल तर प्रश्न शेडचा उरत नाही, दुकानाचा होतो.

बापू_नाना · संध्याकाळी ६:१०

मग घरपट्टी भरायचीच कशाला?

सुईदोरा · संध्याकाळी ७:३०

रस्त्याची रेषा दाखवणारा विकास आराखड्याचा भाग नकाशा कुठे मिळेल, नगररचनेतच ना? उद्या सकाळी जाते. मशिनं आज रात्री पुढे आणतोय.