मदत हवी आहे: काचेच्या चिपेच्या शेजारच्या बाजूने किरण बाहेर येईल का?

कोल्हापुरात हॉस्टेलला राहतो, सकाळी फिजिक्सचा पेपर आहे. रूममेटबरोबर अपवर्तनाचे नियम पाठ करताना अडलोय. आमचं बोलणं जसंच्या तसं देतो.

– हवेतून काचेवर ४५ अंशांनी किरण आला. आत किती?
– साइन ४५ म्हणजे ०.७०७, भागिले १.५, आलं ०.४७१. साधारण २८ अंश. स्तंभिकेकडे वळला.
– समोरच्या पृष्ठातून?
– पृष्ठं समांतर हाईत की, तिथं आपतन कोन २८च. बाहेर पुन्हा ४५.
– बरं भावा, तोच किरण शेजारच्या बाजूवर आदळला तर?
– ती काटकोनात, म्हणजे कोन ६२. साइन ६२ गुणिले १.५... १.३२ आलं. कॅल्क्युलेटर एरर दाखवतोय!
– साइन एकाच्या वर जातंय कुठं? म्हणजे पूर्ण आंतरिक परावर्तन. काचेचा क्रांतिक कोन ४२च्या आसपास आहे.

इथवर पटलं. पहिला आपतन कोन ९०च्या जवळ नेला तरी काचेत अपवर्तन कोन ४२च्या पुढे जात नाही, त्यामुळे शेजारच्या बाजूवर कोन कायम ४८च्या वरच राहतो. काचेत सुटका नाहीच.

पण काचेऐवजी पाणी धरलं, अपवर्तनांक १.३३, तर ८० अंशांनी आलेला किरण आत ४८ होतो, शेजारच्या बाजूवर ४२. पाण्याचा क्रांतिक कोन ४९च्या जवळ, म्हणजे किरण बाहेर येतो!

मग १.३३ आणि १.५च्या मध्ये नेमक्या कोणत्या अपवर्तनांकाला हे बदलतं? स्नेलच्या नियमातून ते कसं काढायचं, पायऱ्यांसकट कुणी सांगेल का? आम्ही जागेच आहोत.