मदत हवी आहे: फॉलबॅक योजनेचा ट्रिगर कशावर लावावा?

लातूरजवळ शाळेच्या इमारतीचा स्लॅब मे महिन्यात टाकायचा आहे. मिश्र सिमेंट आणि कोरडा उन्हाळा, म्हणजे क्युरिंग किमान 10 दिवस. मुख्य जोखीम बोअर आटण्याची.

पूर्वसूचना म्हणून 10,000 लिटरची टाकी भरायला लागणारा वेळ रोज नोंदवतो. लाइट जाते, म्हणून फक्त मोटार चाललेले तास धरतो. सध्या 4 तास लागतात. 5 झाले की नुसतं लक्ष वाढवायचं. 7 हा ट्रिगर, तिथे कंटिन्जन्सी योजना लागू, म्हणजे आधीच दर ठरवलेला टँकर. टँकर यायला 2 दिवस लागतात, त्यामुळे 'बोअर बंद पडला' हा ट्रिगर कामाचा नाही.

टँकरही पुरला नाही तर फॉलबॅक: क्युरिंग कंपाउंड फवारायचं, पुढचा स्लॅब थांबवायचा. अनेक जोखीम रजिस्टरांत या दोन्ही योजना एकाच रकान्यात कोंबलेल्या असतात, मग टँकर चुकला की साइटवर नुसती फोनाफोनी.

अडचण इथे आहे. कंपाउंड पृष्ठभाग ओलसर असतानाच मारावं लागतं. मग दुसरा ट्रिगर 'टँकरची एक फेरी चुकली' असा ठेवावा, की 'टाकीत एका दिवसापेक्षा कमी पाणी' असा? मला दुसरा बरा वाटतो. उन्हाळी कामं केलेल्यांनी सांगावं, एक दिवसाची सवड पुरते का?