मदत हवी आहे: ठिपक्यांच्या सुडोकूत एक ओळ अर्धी सुटून अडकली आहे (क्रोपकी)

सातरस्ता_कोडी:
सोलापुरात आमचा एक छोटा गट दर शनिवारी कोडी सोडवतो. या वेळी क्रोपकी आहे. पांढरा ठिपका असेल तर शेजारचे दोन अंक लागोपाठचे, काळा असेल तर एक दुसऱ्याच्या दुप्पट. छापील अंक फक्त 6 आहेत आणि चौथ्या आडव्या ओळीत एकही नाही. ती ओळ अशी आहे (उभी रेघ म्हणजे 3×3 चौकोनाची हद्द):

```
_●_●_ | _ _●_ | _○_○_
```

पहिल्या तीन घरांत 1-2-4 किंवा 2-4-8 येणार, सरळ किंवा उलट, एवढं कळलं. पाचव्या-सहाव्या घरात मात्र 1, 2, 3, 4, 6, 8 सगळंच लिहून ठेवलंय आणि तिथून पुढे सरकत नाही. शक्यता कमी कशा करायच्या?

शेंगाचटणी:
5, 7 आणि 9 काळ्या ठिपक्याला कधीच लागत नाहीत, ते तुम्ही काढलेलेच दिसतात. माझा नियम सोपा आहे. सलग दोन काळे ठिपके दिसले की मधल्या घरात 2 किंवा 4, दुसरं काही नाही. ठिपके कुठेही असोत, हे डोळे झाकून लिहायचं.

चौकटराव:
@सातरस्ता_कोडी, पहिल्या तीन घरांचा निष्कर्ष तुम्ही त्या तीन घरांपुरताच ठेवलात, तिथे गाडं अडलं. 1-2-4 असो की 2-4-8, दोन्हींत 2 आणि 4 आहेतच. म्हणजे 2 आणि 4 या ओळीत इतर कुठेही नाहीत. आता पाचव्या-सहाव्या घरातल्या काळ्या ठिपक्याकडे बघा. दुप्पटीच्या जोड्या चारच: 1-2, 2-4, 4-8, 3-6. पहिल्या तिन्हींना 2 किंवा 4 लागतो, म्हणून उरली फक्त 3-6. सहा शक्यतांच्या दोन झाल्या.

पुढे शेवटची तीन घरं. एकाच ओळीत दोन पांढरे ठिपके सलग असले की अंक एकाच दिशेने चढतात किंवा उतरतात, कारण मागे फिरले तर तोच अंक ओळीत परत येईल. 2, 3, 4, 6 गेले. उरले 5, 7, 9 आणि 1 किंवा 8 यांपैकी एक. यातून लागोपाठचे तीन अंक फक्त 7-8-9 होतात. म्हणजे 8 शेवटच्या चौकोनात गेला, पहिल्या तीन घरांत 1-2-4 आलं आणि मधलं घर 2 झालं. आठवं घर 8. चौथ्या घराला उरला 5. एकही छापील अंक न वापरता तीन घरं पक्की झाली.

आता टोकं. जिथे ठिपका नाही तिथे लागोपाठचे किंवा दुप्पटीचे अंक येत नाहीत, हा नियम तुमच्या कोड्यात असेल तर 5 च्या डावीकडे 4 नको, म्हणून तिसरं घर 1 आणि पहिलं 4. 5 च्या उजवीकडे 6 नको, म्हणून पाचवं 3 आणि सहावं 6. 6 च्या शेजारी 7 नको, म्हणून सातवं 9 आणि नववं 7. ओळ झाली 4 2 1 5 3 6 9 8 7.

हुरडा_पार्टी:
मध्येच विचारतो. माझ्या कोड्यात 1 आणि 2 यांच्यामध्ये पांढरा ठिपका आहे. 2 तर 1 च्या दुप्पट, मग काळा हवा ना? छपाईची चूक असेल तर ही ओळसुद्धा तपासायला हवी.

चौकटराव:
चूक नाही. 1 आणि 2 लागोपाठचेही आहेत आणि दुप्पटीचेही, तिथे रचणारा कोणताही रंग देऊ शकतो. म्हणून पांढरा ठिपका दिसला म्हणून 1-2 ही जोडी खोडू नका. झेरॉक्स प्रतीत बारीक पांढरा ठिपका भरून काळा दिसतो, तो घोळ मात्र खराच होतो. काळ्या ठिपक्याला छापील 5, 7 किंवा 9 चिकटलेला दिसला की मूळ कागद मागा.

@शेंगाचटणी, सरळ रेषेत किंवा एकाच 3×3 चौकोनात तुमचा नियम बरोबर आहे. ठिपके काटकोनात वळून चौकोनाची हद्द ओलांडत असतील तर मोडतो. तिसऱ्या ओळीचं चौथं घर, त्याखालचं चौथ्या ओळीचं चौथं घर आणि त्याच्या उजवीकडचं पाचवं घर घ्या. दोन्ही टोकं ना एका ओळीत, ना एका चौकोनात. तिथे 3-6-3 चालतं, 2-1-2 आणि 4-8-4 सुद्धा चालतं. मधल्या घराच्या सहाही शक्यता जिवंत राहतात. डोळे झाकून 2-4 लिहिलं तर चूक लगेच दिसत नाही, वीसेक घरं भरल्यावर उभ्या ओळीत तोच अंक दोनदा येतो आणि मग सगळं खोडावं लागतं.

शेंगाचटणी:
हद्द ओलांडणारं वळण मी धरलंच नव्हतं. पांढऱ्यालाही हेच लागू, नाही का? वळणावर 4-5-4 येऊ शकेल.

चौकटराव:
येऊ शकेल.

सातरस्ता_कोडी:
2 आणि 4 पूर्ण ओळीतून काढायचे हे सुचलंच नव्हतं. पण कागदावर फक्त पांढऱ्या-काळ्याचा अर्थ दिलाय. ‘सर्व ठिपके दिले आहेत’ असं वाक्य कुठेच नाही. मग 4 2 1 5 3 6 9 8 7 धरू का?

चौकटराव:
वाक्य नसेल तर धरू नका. तेव्हा 2, 5 आणि 8 हे तीनच अंक शाईने लिहा. पहिलं-तिसरं 1/4, पाचवं-सहावं 3/6, सातवं-नववं 7/9 पेन्सिलने ठेवा, या ओळीपुरत्या आठ मांडण्या उरतात. छापील अंकांत कुठे 3 आणि 4 सारखी जोडी बिनठिपक्याची शेजारी असेल तर तो नियम नाही हे सिद्ध होतं. तशी जोडी नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. आता उभे ठिपके बघा. या सहा घरांच्या वर-खाली काही आहे का?

सातरस्ता_कोडी:
सहाव्या घराच्या वर पांढरा ठिपका आहे. त्या वरच्या चौकोनात 2 आणि 4 छापील आहेत, पण ठिपक्यापाशी नाहीत. छापील अंक कुठेच एकमेकांशेजारी नाहीत.

चौकटराव:
मग सहावं घर सुटलं, कोणताही जादा नियम न वापरता. तिथे 3 असता तर वर 2 किंवा 4 लागला असता आणि ते दोन्ही त्या चौकोनात आधीच आहेत. म्हणून सहावं 6, पाचवं 3. वरच्या घरात 5 किंवा 7. आठ मांडण्यांपैकी दोन गुणिले दोन, म्हणजे चारच राहिल्या.

हुरडा_पार्टी:
सगळे ठिपके दिले आहेत असं गृहीत धरून सोडवलं आणि शेवटपर्यंत नीट बसलं, तर ते उत्तर धरायचं का?

चौकटराव:
ते एक उत्तर आहे एवढंच कळतं. तो नियम नसताना कोड्याला एकच उत्तर असेल तर तेच ते. पण रचणाऱ्याने नियम लिहायचा विसरला असेल तर नियमाशिवाय दोन-तीन उत्तरंही निघू शकतात. ज्यांनी कागद दिला त्यांना विचारा.

सातरस्ता_कोडी:
शनिवारी विचारतो. तोवर 1/4 आणि 7/9 पेन्सिलनेच ठेवलेत. पहिल्या घराच्या खाली काळा ठिपका आहे, आता तिकडून बघतो.

शेंगाचटणी:
मग झालंच की! तिथे 1 असता तर खाली 2 लागला असता आणि 2 त्या चौकोनात शेजारीच बसलाय. म्हणजे पहिलं 4, तिसरं 1, आणि खाली 8. राहिलं फक्त 7/9.