सर्व्हेखालचा तो ±3% नेमका कशाचा?

काठावरचा
एका सर्व्हेचा निकाल वाचला. हजार लोकांना विचारलं होतं. 46% ‘अ’च्या बाजूने, 42% ‘ब’च्या बाजूने, बाकीच्यांचं अजून ठरलेलं नाही. मथळा होता: ‘अ’ला स्पष्ट आघाडी. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत त्रुटीमर्यादा ±3.1%. आघाडी 4 ची आणि त्रुटी 3.1 ची, मग आघाडी पक्की धरायची का? माझं स्वतःचं मत असं की हा आकडा वाचकाचं तोंड बंद करायला छापतात. चर्चा होऊ द्या.

सरळरेषा
यात चर्चा कसली? 46 मधून 3 काढा, 43. बेचाळिसात 3 मिळवा, 45. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणजे बरोबरी. मथळा देणाऱ्याला वजाबाकी येत नाही, विषय संपला.

मृदुला
मथळा चुकीचा आहे हे मान्य. पण सरळरेषा, तुमची वाट बरोबर नाही आणि ‘बरोबरी’ तर मुळीच नाही.

±3.1 हा एकट्या टक्केवारीचा आकडा आहे, 46 चा वेगळा आणि 42 चा वेगळा. आघाडी म्हणजे दोघांमधला फरक. निवड नशिबाची असते. समजा, ‘ब’वाल्या दहा जणांच्या जागी योगायोगाने ‘अ’वाले दहा जण आले. हजारात दहा म्हणजे एक टक्का. ‘अ’ एक टक्का चढला, ‘ब’ एक टक्का उतरला, आणि आघाडी दोनाने बदलली. म्हणून आघाडीची त्रुटी एकेरी त्रुटीच्या जवळजवळ दुप्पट असते. या सर्व्हेत ती ±5.8 येते. म्हणजे खरी आघाडी उणे 1.8 पासून 9.8 पर्यंत कुठेही असली तरी हा निकाल तिच्याशी जुळतो. ‘स्पष्ट’ हा शब्द इथेच पडला.

आता बरोबरीबद्दल. या निकालाशी 0 ची आघाडी जितकी जुळते तितकीच 8 ची जुळते, कारण दोन्ही 4 पासून सारख्याच अंतरावर आहेत. तुम्ही त्यातला 0 उचलला आणि 8 टाकून दिला. का? ‘अ’ पुढे असण्याकडे कल आहे, खात्रीला पुरेल इतका नाही, एवढंच हा सर्व्हे सांगतो.

सरळरेषा
‘कल आहे पण खात्री नाही’ असा मथळा कोण वाचणार? वाचकाला हो की नाही हवं असतं. आणि पट्टे चढतात हा नियम मी कुठेतरी वाचलेला आहे, मनचा नाही.

मृदुला
तो नियम बरेच जण सांगतात. दोन वेगवेगळ्या सर्व्हेंची तुलना करताना तो फार कडक पडतो. गेल्या महिन्यात 1000 लोक आणि या महिन्यात दुसरे 1000, असं असेल तर बदलाची त्रुटी 3.1 अधिक 3.1 म्हणजे 6.2 होत नाही, 4.4 होते. दोन्हीकडचं नशीब एकाच वेळी पूर्ण उलटं फिरेल असं क्वचित घडतं. तिथे 5 चा बदल दिसला तर पट्टे एकमेकांवर चढलेलेच असतात, तरीही तो बदल नुसत्या योगायोगाचा असणं अवघड आहे. एकाच सर्व्हेतले दोन पर्याय आणि दोन सर्व्हेंमधला बदल, ही गणितं वेगळी आहेत. पट्टे बघून दोन्ही सुटत नाहीत.

पणका
मला आजवर एकाही सर्व्हेवाल्याने विचारलेलं नाही. कोट्यवधी लोक आणि यांचे हजार. इतक्या चिमूटभर लोकांवरून कोट्यवधींचं मत सांगणं हाच मुळात आचरटपणा आहे. 3% कसले, 30% म्हणा.

मृदुला
धाग्याचा प्रश्न तो नाही, पण उत्तर छोटं आहे. लोकसंख्या किती, याने जवळजवळ काही फरक पडत नाही. 10 हजार लोकांतून चिठ्ठ्या टाकून 1000 निवडले तर त्रुटी 2.9 येते, 10 कोटींतून निवडले तर 3.1. शितावरून भाताची परीक्षा होते ती भांडं लहान आहे म्हणून नव्हे.

नमुना वाढवण्याचा फायदा मात्र फार हळू मिळतो. त्रुटी निम्मी करायची तर चौपट माणसं लागतात, 1000 च्या जागी 4000. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर 1 ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागा. 100 लोकांना सुमारे 10%, 400 ना 5%, 1000 ना 3% च्या आसपास. बहुतेक सर्व्हे हजाराच्या आगेमागे थांबतात ते यामुळेच, पुढचा प्रत्येक दशांश महाग पडतो.

पणका
ठीक. तरी मला विचारलं नाहीच.

सुनेत्रा
माझा प्रश्न इथे बसतो का बघा. मी एका संस्थेत आहे, 90 कर्मचारी. कामाच्या वेळा बदलाव्यात का, असं सगळ्यांना फॉर्म पाठवून विचारलं. 60 जणांनी भरला, त्यातले 45 ‘हो’ म्हणाले. 75%. वरचा नियम लावला तर 60 च्या नमुन्याला 13% त्रुटी येते. पण 90 पैकी 60 म्हणजे दोनतृतीयांश लोक! एवढी त्रुटी कशी असेल? साहेबांना काय सांगू?

सरळरेषा
75 उणे 13 म्हणजे 62, तरीही बहुमतच. बिनधास्त सांगा.

मृदुला
सुनेत्राताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे. मूळ गट एवढा लहान असला की त्रुटी कमी धरायची असते. तुमच्या आकड्यांनी ती सुमारे ±6 येते. पण ते 60 जण चिठ्ठ्या टाकून निवडलेले असतील तरच. तुमचे 60 स्वतःहून आलेत.

म्हणून त्रुटीमर्यादा बाजूला ठेवा आणि न बोललेल्या 30 जणांकडे बघा. ते सगळे ‘नाही’वाले निघाले तर 90 पैकी 45, म्हणजे बरोबर 50%. सगळे ‘हो’वाले निघाले तर 90 पैकी 75, म्हणजे 83%. गणित 69 ते 81 म्हणतं, तुमच्या हातात आहे 50 ते 83. खरा आकडा टोकाला असेल असं नाही, पण तो कुठे असेल हे त्या 60 फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही. 30 पैकी पाचसहा जणांना गाठून विचारा. आधीच्या 60 जणांसारखंच बोलतायत की वेगळं, एवढं तरी कळेल.

सुनेत्रा
त्या तिसातले बरेचसे रात्रपाळीचे आहेत. फॉर्म दुपारी पाठवला होता आणि संध्याकाळी बंद केला होता.

मृदुला
मग उत्तर तुमच्याजवळच आहे. पाळीच्या वेळांवर मत विचारलं आणि रात्रपाळी झोपलेली!

दारोदार
मी काही वर्षं घरोघरी जाऊन सर्व्हेचे फॉर्म भरले आहेत, त्यामुळे काठावरच्यांशी सहमत. यादीत घर ठरवून दिलेलं असतं. दाराला कुलूप असलं तर पुन्हा यायचं असा नियम, पण दिवसाचा कोटा पुरा करायचा असतो. मग शेजारचं दार. शेजारी दुपारी घरी कोण? कामाला जाणारा तर नक्कीच नाही. असे हजार फॉर्म भरले की ऑफिसात कोणीतरी ±3.1 टाइप करतं. त्या आकड्यात कुलूप कुठे आहे? माझं म्हणणं, तो छापूच नये. खोटी शिस्त दाखवतो.

काठावरचा
हेच मला म्हणायचं होतं.

मृदुला
कुलूप त्या आकड्यात नाही, हे शंभर टक्के खरं. नमुना कितीही वाढवला तरी ते त्यात येत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत लसीकरणाच्या बाबतीत याचं उदाहरण घडलं. फेसबुकमार्फत होणाऱ्या एका सर्व्हेला दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं येत होती. एवढ्या नमुन्याची त्रुटी एका टक्क्याच्याही कितीतरी आत. मे महिन्यात त्याने किमान एक डोस घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण सरकारी नोंदींपेक्षा 17 टक्क्यांनी जास्त दाखवलं. त्याच काळात जेमतेम हजार लोकांचा, पण निवडीत काळजी घेतलेला दुसरा सर्व्हे नोंदींच्या बराच जवळ होता.

आणि दारोदार, तुमच्या बाजूने आणखी एक देते. 1998 ते 2014 मधल्या अमेरिकी निवडणुकांच्या चार हजारांहून जास्त चाचण्या प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहणारा अभ्यास 2018 मध्ये छापून आला. प्रत्यक्षातली चूक छापील मर्यादेवरून वाटते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. त्यातही एका निवडणुकीतल्या चाचण्या बहुधा एकाच बाजूला चुकतात, त्यामुळे सगळ्यांची सरासरी काढून ही चूक पुसली जात नाही.

तरीही आकडा छापूच नये, हे मला पटत नाही. ±3.1 म्हणजे कमीत कमी इतकी चूक धराच, असं वाचावं. सगळं नियमानुसार झालं तरी एवढं डळमळेल, तुमच्या कुलपांमुळे वर आणखी. आकडा काढून टाकला तर 46 हा आकडा नुसता उघडा उभा राहील, दगडावर कोरल्यासारखा.

दारोदार
‘कमीत कमी’ असं कुठे छापलेलं बघितलंत? वाचक ‘जास्तीत जास्त’ समजतो. काठावरच्यांनीही तसंच समजून आघाडीतून 3.1 वजा केले.

सरळरेषा
मग ±6 छापा. दुप्पट करून मोकळे व्हा.

मृदुला
तेही नको. दुप्पट ही बऱ्याच चाचण्यांची मिळून सरासरी आहे. एखाद्या सर्व्हेत गडबड कमी, एखाद्यात चौपट. कुठलं घर सोडलं, किती जणांनी दार लावून घेतलं, हे प्रत्येक सर्व्हेने स्वतः सांगायचं असतं. मला ±3.1 शेजारी ते हवंय: किती जणांशी संपर्क केला आणि किती बोलले.

दारोदार
ते कोणी देणार नाही. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या संस्थेच्या फोन सर्व्हेत 1997 साली शंभरातले 36 बोलायचे, 2018 मध्ये 6 वर आले. शंभरात सहा हा आकडा ठळक छापून मथळा कोण विकेल?

काठावरचा
त्याच बातमीत खाली एक चौकट होती, ती आता नीट वाचली. ‘तरुणांचा कौल ब ला, 58%’. 18 ते 25 वयाचे 110 जण. तिथे वेगळी त्रुटी दिलेली नाही. वरची ±3.1 च धरायची?

मृदुला
नाही, 110 जणांचीच धरायची. सुमारे ±9. म्हणजे 49 ते 67, तेही दारोदारांची कुलपं सोडून.

सरळरेषा
49 म्हणजे निम्म्याच्या खाली! मग कौल कसला?

दारोदार
आता तुम्ही 67 टाकून दिला.