मदत हवी आहे: ३५ वर्गमित्रांचे फोटो एका चौकटीत एकसारखे दिसत नाहीत

गुहागरकर: आमच्या दहावीच्या तुकडीचे ऑनलाइन स्नेहसंमेलन रविवारी आहे आणि सर्वांच्या फोटोंचे कार्ड करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मुंबई, मस्कत आणि गावाकडून आलेले सर्व फोटो मी एकाच मापात कापले, तरी कोणाचे डोके नारळाएवढे तर कोणाचे सुपारीएवढे दिसते. कृपया लवकर उपाय सांगावा.

दापोलीवाला: व्हॉट्सॲपने फोटो लहान होतात, हेच कारण आहे. सर्वांना फोटो पुन्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

चिपळूणचा छायाचित्रकार: कार्ड छापायचे आहे की फक्त मोबाइलवर पाहायचे आहे?

गुहागरकर: फक्त मोबाइलवर.

मालवणची: मग सर्वजण व्हिडिओ कॉलवर आले की स्क्रीनशॉट घ्यावा. आम्ही तसेच केले होते.

गुहागरकर: ताई, कार्ड आधी पाठवायचे आहे.

चिपळूणचा छायाचित्रकार: मग फोटो पुन्हा मागवू नका. १०८० बाय १९२० च्या कार्डात पाच रांगा उभ्या आणि सात आडव्या घेतल्या, तर प्रत्येकाला २०० बाय २२० पिक्सेलची चौकट मिळते आणि एकट्याच्या फोटोत तेवढा तपशील व्हॉट्सॲपवरूनही येतो. चूक कापण्यात आहे. माप चौकटीचे नव्हे, डोक्याचे सारखे हवे. GIMP मध्ये चौकटीएवढी पारदर्शक पट्टी करून वरून ३०, ९५ आणि १६० पिक्सेलवर तीन रेघा ओढा. प्रत्येक फोटो तिच्याखाली ठेवून माथा, डोळे आणि हनुवटी त्या रेघांवर येईपर्यंत लहानमोठा करा आणि मान कललेली असेल तर थोडा फिरवा. डोळ्यांची रेघ आधी जुळवावी, कारण केसांच्या फुगवट्यामुळे माथा फसवतो. शेवटी सर्व फोटो कृष्णधवल केले की पिवळ्या दिव्यातला आणि उन्हातला फरक झाकला जाईल.

दापोलीवाला: कृष्णधवल केल्यास कार्ड श्रद्धांजलीसारखे दिसेल. रंग ठेवावेत.

गुहागरकर: रेघांचा उपाय लागू पडला, ३३ फोटो जुळले. उरलेले दोन मित्र आज हयात नाहीत आणि त्यांचे चेहरे फक्त शाळेच्या समूहछायाचित्रात आहेत. भिंतीवरच्या त्या फोटोचा मी मोबाइलने फोटो काढला, पण मोठे केल्यावर चेहरे धूसर होतात.

चिपळूणचा छायाचित्रकार: त्यात डोके किती पिक्सेल भरते?

गुहागरकर: ४६.

चिपळूणचा छायाचित्रकार: १३० हवेत, म्हणजे जवळजवळ तिप्पट ताणले जाते. मूळ छापील प्रत ६०० डीपीआयला स्कॅन करा; छापील डोके ८ मिलिमीटर असेल, तर सुमारे १९० पिक्सेल मिळतील.

गुहागरकर: डोके साधारण तेवढेच आहे, परंतु पावसाळ्यातल्या ओलीने फोटो काचेला चिकटला आहे.

चिपळूणचा छायाचित्रकार: सोलू नका, चेहरे काचेवरच राहतील. काचेसकट स्कॅन करून पाहा. मात्र प्रिंटरला जोडलेले पातळ स्कॅनर काचेपलीकडचे अनेकदा धूसर टिपतात. तुमच्याकडे कोणता आहे?