‘मंद लहरींची झोप’ की ‘संथ लहरींची’?

गोकर्ण
झोप आणि स्मरण या विषयावरचा एक इंग्रजी लेख आरोग्याच्या मासिकासाठी मराठीत आणते आहे. ‘स्लो वेव्ह स्लीप’ला मी ‘मंदलहरी निद्रा’ असं लिहिलं होतं. काल आईला मजकूर वाचून दाखवला. ती निवृत्त शिक्षिका, नीट कान देऊन ऐकते. तिने विचारलं, “म्हणजे त्या वेळी मेंदू दिव्यासारखा बारीक केलेला असतो का?” मी अडखळले, कारण पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय की रात्रभरातल्या सगळ्यांत मोठ्या लहरी याच झोपेतल्या.
दुसरी अडचण अशी की संपादकांनी पुढे एके ठिकाणी माझं ‘गाढ झोप’ काढून ‘साखरझोप’ केलंय. आमच्या घरी साखरझोप म्हणजे पहाटेचीच. तुमच्याकडे काय म्हणतात?

पिंपळपान
साखरझोप पहाटेचीच. आजी म्हणायची, “साखरझोपेत आहे पोर, उठवू नका,” तेव्हा कोंबडं आरवून गेलेलं असायचं. मध्यरात्रीच्या झोपेला कुणी साखरझोप म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

तळटीप
आमच्या वऱ्हाडात दुपारी जेवणानंतर लागलेल्या गोड डोळ्यालाही साखरझोप म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. गोडी वेळेत नसते, मोडवत नाही म्हणून ती साखर. संपादक अगदीच चुकले असं मला वाटत नाही.

रात्रपाळी
ताई, तुमच्या आईंनी नेमकं बोट ठेवलंय. मी निद्राचाचणीचा तंत्रज्ञ आहे, रात्रभर याच लहरी बघत बसतो. ‘मंद’चे मराठीत दोन अर्थ आहेत, मंद गती आणि मंद प्रकाश. ‘स्लो’मध्ये फक्त पहिला आहे.
पडद्यावर एका वेळी ३० सेकंदांचा पट्टा दिसतो. (ही ३० सेकंदं कागदी यंत्रांच्या काळातली. कागद सेकंदाला एक सेंटिमीटर सरकायचा, म्हणून पानभर झोप म्हणजे अर्धं मिनिट.) डोळे मिटून जागा पडलेला माणूस असेल तर डोक्याच्या मागच्या बाजूच्या तारांवर सेकंदाला ८ ते १३ अशा बारीक, एकसारख्या लहरी येतात. झोप लागली की त्या विस्कटतात. मग थोड्या वेळाने मध्येच अर्धा-एक सेकंद दाट लहरींचा एक झुपका येतो, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. आणि त्यानंतर हळूहळू डोंगर उभे राहायला लागतात. सेकंदाला दोनसुद्धा नाहीत, पण उंची इतकी की एका तारेची रेघ शेजारच्या रेघेत घुसते. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच अशा लहरींनी त्या ३० सेकंदांपैकी निदान ६ सेकंद व्यापली, तर आम्ही तो पट्टा ‘एन थ्री’, म्हणजे गाढ झोप, म्हणून नोंदवतो.
त्या मोठ्या का? जागेपणी मेंदूच्या पेशी बाजारातल्या गलबल्यासारख्या ज्याच्या त्याच्या वेळेला बोलतात. या झोपेत लाखो पेशी एकदम गप्प होतात आणि एकदम बोलतात. वारीत सगळे टाळ एका ठेक्यावर पडले की आवाज कसा चढतो, तसं. त्यामुळे ‘मंद’ नको. ‘संथ लहरी’ म्हणा.

अण्णा सांगलीकर
‘संथ’ उत्तम. संथ पाणी खोलही असतं, तो भाव आपोआप येतो. पण झोप कशाला, ‘निद्रा’ ठेवा. शास्त्राच्या लिखाणाला घडीव शब्द लागतात. आणि मुळात आपल्याकडे जागृती, स्वप्न, सुषुप्ती ही विभागणी उपनिषदांपासून आहे. ‘संथलहरी’ म्हणजे सुषुप्ती, मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात ती ‘रेम’ झोप म्हणजे स्वप्नावस्था. नवीन शब्द घडवण्याची गरजच नाही.

रात्रपाळी
अण्णा, शब्द सुंदर आहेत, पण जोडी जुळत नाही. सुषुप्तीत स्वप्न नसतं. संथ लहरींच्या झोपेतून माणसाला उठवून विचारलं तर काही जण स्वप्न सांगतात. रेमइतके जण नाहीत आणि इतकी लांबलचक, चित्रमय स्वप्नंही नाहीत, पण सांगतात. म्हणून रेमला ‘स्वप्ननिद्रा’ म्हणणंही मला खटकतं.

पिंपळपान
रेमला ‘शीघ्र नेत्रचलन निद्रा’ असं वाचलं होतं. एका दमात म्हणवत नाही.

तळटीप
आणि दवाखान्यात ते कोण म्हणणार? लोकांच्या मनगटावरच्या घड्याळात रेम दिसतं, लोक रेमच म्हणतात. जो शब्द तोंडात बसला तो मराठी झाला. टेबल आणि बटाटा आपण कधी परत पाठवले?

अण्णा सांगलीकर
बटाटा वस्तूबरोबर आला. रेम हे तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं कडबोळं आहे, त्यातून मराठी वाचकाला काहीही कळत नाही. ‘गर्भाशय’ म्हटलं की अर्थ आतून उमलतो, तसा शब्द हवा.

रात्रपाळी
मग फ्रेंचांचा विचार करा. लियाँच्या मिशेल जुव्हे यांनी १९५९ साली या झोपेला ‘विरोधाभासी झोप’ म्हटलं, कारण मांजरांच्या मेंदूतल्या लहरी जागेपणासारख्या दिसत होत्या आणि मानेचे स्नायू मात्र पूर्ण ढिले पडले होते. माणसातही तेच. रेममध्ये लहरी बारीक, मिसळलेल्या. नुसती मेंदूची तार दाखवली तर जागेपण आणि रेम यांत मीही गोंधळेन. म्हणून हनुवटीवर आणि डोळ्यांच्या कडांना वेगळ्या तारा लावतो. हनुवटीची रेघ सपाट होते, डोळ्यांच्या रेघा समोरासमोर झेपावतात, तेव्हा खात्री पटते.

दोन मुलांची आई
माझा प्रश्न शब्दाचा नाही, माफ करा. मुलगा बारावीला आहे. रात्री दोनपर्यंत वाचतो, सहाला उठतो. वाचलेलं गाढ झोपेत पक्कं होतं म्हणतात, मग त्याची गाढ झोप बुडते का?

पिंपळपान
गाढ झोप नाही, रेम बुडते. आणि स्मरण रेममध्येच पक्कं होतं, स्वप्नात दिवसभराचं पुन्हा दिसतं ते त्यामुळेच. निदान दोन तास तरी वाढवा.

रात्रपाळी
ताई, पिंपळपान यांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. संथ लहरी रात्रीच्या पहिल्या भागात दाटलेल्या असतात आणि झोप उशिरा लागली तरी शरीर आधी त्याच वसूल करतं. कापला जातो तो शेवटचा भाग, जिथे रेमचे तुकडे लांबत जातात. पण दुसरं वाक्य इतकं सरळ नाही. नैराश्यावरची काही जुनी औषधं रेम जवळजवळ पुसून टाकतात, तरी ती घेणाऱ्यांची स्मृती कोलमडत नाही.
गोकर्णताई, तुमच्या लेखात जर्मनीतल्या ल्यूबेकचा गुलाबाचा प्रयोग आहे का?

गोकर्ण
आहे! खरं तर तिथेच मी तिसऱ्यांदा अडकले आहे. २००७ चा. लोकांनी संध्याकाळी पत्त्यांच्या १५ जोड्या कुठे कुठे आहेत ते पाठ केलं, तेव्हा नाकापाशी गुलाबाचा वास सोडलेला होता. मग संथ लहरींच्या झोपेत तोच वास पुन्हा दिला, ३० सेकंद चालू आणि ३० सेकंद बंद. कुणी जागं झालं नाही. सकाळी ज्यांना वास मिळाला होता त्यांना सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या, वासाविना सुमारे ८६ टक्के. हाच वास रेममध्ये दिला तर फरक पडला नाही. पाठ करताना वास नव्हता आणि फक्त झोपेत दिला, तरीही नाही.
आता आठवण अशी पक्की होण्याला क्रियापद कोणतं? कॉन्सॉलिडेशनला मी ‘दृढीकरण’ लिहिलं, संपादकांनी ‘एकत्रीकरण’ केलं.

तळटीप
एकत्रीकरण तुकडे पडलेल्या जमिनीचं होतं. इथे ‘मुरणं’ हवं. कैरी रात्रभर मिठात राहते आणि सकाळी वेगळीच लागते.

रात्रपाळी
मुरणं मला आवडलं, पण कैरी आपोआप मुरते, कुणी तिला ढवळावं लागत नाही. गुलाबाने काय केलं? त्या वासाने त्या जागांची आठवण झोपेतच पुन्हा उठवली. उंदरांत हे पेशीपेशीने दिसलंय. १९९४ साली विल्सन आणि मॅक्नॉटन यांनी दाखवलं की उंदीर फिरताना हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागातल्या ज्या पेशी जोडीने बोलल्या, त्याच नंतर संथ लहरींच्या झोपेतही जोडीने बोलत होत्या. म्हणजे ही उजळणी आहे. पाढ्यांची करतो तशी.

पिंपळपान
उजळणी आपण मुद्दाम करतो. झोपलेला माणूस कसा करेल? त्यापेक्षा ‘गिरवणं’. त्याच अक्षरावरून पुन्हा पुन्हा रेघ जाते.

अण्णा सांगलीकर
गिरवणारा हातही मुद्दामच फिरतो. दृढीकरण काय वाईट आहे?

रात्रपाळी
दृढीकरणात ती आधीच्याच जागी घट्ट होते असं वाटतं. इथे बहुधा जागाही बदलते. हिप्पोकॅम्पसची उजळणी होते त्याच वेळी मेंदूच्या पृष्ठभागावर संथ लहरीचा चढ आलेला असतो आणि त्या चढावर तो निमुळता झुपका बसलेला असतो. तिन्ही एका वेळेला जुळले की आठवण हळूहळू पृष्ठभागावरच्या जाळ्यात रुजते, असं आजचं मत आहे. त्या झुपक्याला इंग्रजीत सूत कातायच्या चातीचं नाव आहे, आकारामुळे. मी माझ्या शिकाऊ मुलांना ‘चाती’च सांगतो, लगेच ओळखतात.

तळटीप
‘चाती’ फारच छान. आमच्या घरी टकळी होती, तिच्यावर सूत भरलं की नेमका हाच आकार.

अण्णा सांगलीकर
चाती मलाही मान्य. शुद्ध मराठी आहे.
रात्रपाळी, एक खासगी विचारतो. मी ६८ वर्षांचा आहे. घोरण्यासाठी चाचणी केली, अहवालात एन थ्री फक्त २ टक्के. हे सगळं वाचून काल रात्री झोप लागली नाही. माझं वाचलेलं आता कशातच रुजत नाही असं समजायचं का?

रात्रपाळी
अण्णा, असं समजू नका. वय वाढतं तशी लहरींची उंची कमी होते, पण ७५ ची पट्टी विशीतल्याला आणि तुम्हाला एकच. ६० मायक्रोव्होल्टची लहर डोळ्यांना दिसत असूनही मोजणीत धरली जात नाही. शिवाय श्वास अडकून झोप सारखी तुटत असेल तर लहरी दाटायला उसंतच मिळत नाही. अहवालात दर तासाला श्वास किती वेळा अडकला तो आकडा बघा आणि तो डॉक्टरांशी बोला. दोन टक्क्यांपेक्षा तो आकडा महत्त्वाचा.

दोन मुलांची आई
अण्णा, माझ्या सासऱ्यांना तेच होतं. रात्री श्वासाच्या यंत्राचा मास्क लावायला लागल्यापासून दिवसाची पेंग गेली. पहिले पंधरा दिवस त्रास होतो, मग सवय होते. मास्क नाकाचा घेतलाय की तोंडाचाही, ते आधी विचारून घ्या.

अण्णा सांगलीकर
आकडा ३१ आहे. मास्कचं डॉक्टरांनी सुचवलं होतं, मी टाळत होतो. नाकाचा असतो तो रात्री निसटत नाही का?

गोकर्ण
अण्णा, आधी तब्येत. मी ‘संथ लहरींची झोप’, ‘चाती’ आणि तूर्तास ‘रेम’ असं पाठवते आहे. साखरझोप परत गाढ झोप केली. क्रियापदाची जागा अजून रिकामी आहे, उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय.

पिंपळपान
रुजणं! रात्रपाळींनी वर स्वतःच वापरलंय.

तळटीप
रुजायला आधी बी पडावं लागतं. मुरणंच.

दोन मुलांची आई
अण्णा, निसटतो, पट्टा सैल असला तर. सासऱ्यांना विचारून रात्री सविस्तर लिहिते.